पंधरा टक्के आले कुठून?

कोल्हापूर जिल्ह्यातले दोन खासगी साखर कारखाने डोळ्यांसमोर आणू. आकडे समजण्यापुरते धरलेले आहेत. दोघांची वर्षाची विक्री ४०० कोटी, दोघांची एकूण मालमत्ता ३२० कोटी आणि दोघांच्याही अहवालात स्वभांडवलावरचा परतावा १५ टक्के. भागधारकाला दोन्ही सारखेच वाटतील. प्रत्यक्षात पहिला दराच्या एका झटक्याने कोलमडेल असा आहे आणि दुसरा भक्कम आहे.

पहिल्याचा निव्वळ नफा १२ कोटी आणि मालकांचे स्वतःचे पैसे, म्हणजे भागभांडवल आणि राखीव निधी मिळून, ८० कोटी. दुसऱ्याचा नफा २४ कोटी, स्वभांडवल १६० कोटी. भागाकार दोन्हीकडे १५ टक्केच येतो. तो फोडायची रीत डोनाल्डसन ब्राऊन या अधिकाऱ्याने शंभरहून अधिक वर्षांपूर्वी अमेरिकेतल्या ड्युपाँ कंपनीत बसवली. त्यांनी नफ्याचं प्रमाण आणि मालमत्तेची फिरत वेगळी केली. कर्जाच्या बळाचा तिसरा तुकडा पुढे जोडला गेला.

पहिल्या कारखान्याला शंभर रुपयांच्या विक्रीत ३ रुपये सुटतात. ३२० कोटींची मालमत्ता वर्षात सव्वा वेळा फिरते. ती मालमत्ता स्वभांडवलाच्या चौपट आहे, म्हणजे रुपयातले बारा आणे दुसऱ्यांचे. ३ गुणिले १.२५ गुणिले ४, झाले १५. दुसऱ्याकडे ६ गुणिले १.२५ गुणिले २. दुसरा साखरेवर कमावतो, पहिला मुख्यतः उसन्या पैशावर.

इथे एक गुंता आहे. निव्वळ नफा व्याज वजा करून उरलेला असतो, म्हणून कर्जाचा भार नफ्याच्या प्रमाणातही शिरतो. पहिल्याकडे ८० कोटी देणं जास्त आहे. ते सगळं १० टक्के व्याजाचं कर्ज धरलं तर वर्षाला ८ कोटी जातात आणि २५ टक्के कर धरता नफ्यातून ६ कोटी कमी होतात. म्हणजे दोघांच्या नफ्यातल्या १२ कोटींच्या फरकापैकी निम्मा व्याजाने खाल्ला. कारखाना चालवण्यातला खरा फरक उरलेला निम्मा, मग तो उताऱ्यातून आला असेल, नाही तर वाफ-विजेच्या बचतीतून.

आता साखरेचा दर ३ टक्क्यांनी, म्हणजे किलोमागे जेमतेम एक रुपयाने उतरू द्या. उसाची एफआरपी केंद्र सरकारने ठरवलेली असते आणि ऊस आल्यापासून १४ दिवसांत ती द्यावी लागते. साखर पडली म्हणून ती कमी होत नाही. सगळी विक्री साखरेचीच धरली तर दोघांचेही १२ कोटी थेट करपूर्व नफ्यातून जातात. पहिल्याचा नफा ३ कोटींवर येतो, परतावा पावणेचार टक्क्यांवर. दुसऱ्याला १५ कोटी उरतात आणि परतावा नऊ टक्क्यांच्या थोडा वर टिकतो.

दराचे असे झटके लागोपाठ बसले की तोटा साचत जातो, म्हणून स्वभांडवलही तपासावं. मागच्या वर्षांच्या संचित तोट्याने ते झिजलं असेल, तर एका बऱ्या हंगामातही परतावा फुगून दिसतो, कारण भागणारा आकडाच लहान झालेला असतो.

साखरधंद्यात ही फोड आणखी एका जागी चकवते. ताळेबंद ३१ मार्चचा असतो. नेमकं तेव्हा गाळप संपत आलेलं किंवा नुकतंच संपलेलं असतं आणि गोडाऊन पोत्यांनी भरलेलं असतं. विक्री महिन्याच्या कोट्याप्रमाणे वर्षभर चालते, पण ऊसबिलाचे पैसे आधीच गेलेले असतात. ते बँकेच्या मालतारण कर्जातून येतात. म्हणजे वर्षातली सर्वांत जास्त मालमत्ता आणि सर्वांत जास्त कर्ज एकाच दिवशी छापलं जातं.

पहिल्या कारखान्याचंच पाहा. सप्टेंबरअखेर १२० कोटींची साखर विकून तेवढंच मालतारण फिटलं, तर मालमत्ता २०० कोटी उरते. दोन्ही तारखांची सरासरी २६० कोटी. तिच्यावर फिरत सव्वाऐवजी दीड वेळेच्या वर जाते आणि कर्जाचं बळ चारवरून सव्वातीनवर येतं. परतावा मात्र तोच १५ टक्के, कारण गुणाकारात मालमत्ता एकदा खाली आणि एकदा वर येऊन कटते. मार्चच्या एकट्या आकड्यांवरून ‘कारखान्याची फिरत मंद आहे’ असं म्हणणारा माणूस बऱ्याच अंशी हंगामालाच दोष देत असतो.

शेअर बाजारात नोंदलेल्या साखर कंपन्या ३० सप्टेंबरचा ताळेबंदही जाहीर करतात, तो मार्चच्या शेजारी ठेवावा. सप्टेंबरलाही साठा मोठा आणि मालतारण उभंच असेल, तर माल खपलेला नाही आणि फिरत खरोखरच मंदावली आहे. सहकारी कारखान्यांना मात्र हे माप तसंच लावता येत नाही. तिथला सभासदच ऊस घालतो, आणि वाढाव्याचा मोठा भाग नफ्यात न दिसता उसाच्या दरातून त्याच्या घरी पोचलेला असतो.