तारुण्यपीटिका आणि लिंबाची फोड

दहावीतल्या मुलीच्या कपाळावर पुरळ उठलं की घरात कुणी लिंबू चोळायला सांगतं, कुणी टूथपेस्ट. पण मुरूम मळामुळे येत नाहीत. वयात येताना संप्रेरकांमुळे तैलग्रंथी जास्त तेल सोडतात, त्यात मृत पेशी चिकटून रंध्राचं तोंड बुजतं. आत कोंडलेल्या तेलावर त्वचेवरचेच जिवाणू पोसतात आणि मग सूज, लाली, पू. लिंबाच्या आम्लाने ते बुजलेलं रंध्र उघडत नाही. वरची त्वचा तेवढी पोळते आणि सावळ्या कातडीवर काळा डाग महिनोन्महिने राहतो.

त्यापेक्षा दिवसातून दोनदा सौम्य फेसवॉश आणि रात्री 2.5 टक्के बेंझॉइल पेरॉक्साइडचं जेल लावावं. सुरुवातीला एक दिवसाआड, नुसत्या फोडावर नाही तर पुरळ येणाऱ्या सगळ्या भागावर, पातळ. ते जिवाणू मारतं. (कापडाचा रंग उडवतं, म्हणून उशीचा अभ्रा पांढरा हवा.) फरक दिसायला सहा ते आठ आठवडे जातात, अनेक मुलं दुसऱ्याच आठवड्यात सोडून देतात, याचं फार वाईट वाटतं. दुखऱ्या, खोल गाठी असतील तर मात्र व्रण पडण्याआधीच त्वचारोगतज्ज्ञ गाठावा.