‘फाइल ओपन होत नाहीये’ एवढंच कळवताय? समोरच्याला नेमकं काय सांगायचं ते बघा

‘फाइल ओपन होत नाहीये, परत पाठवा ना.’

हा मेसेज आपण सगळ्यांनीच कधी ना कधी पाठवलाय. समोरचा माणूस बिचारा तीच फाइल पुन्हा त्याच मार्गाने पाठवतो आणि ती पुन्हा तशीच येते. मग तो म्हणतो, ‘माझ्याकडे तर व्यवस्थित उघडतेय.’ तुम्ही म्हणता, ‘माझ्याकडे नाही उघडत.’ गंमत म्हणजे दोघंही खरं बोलत असतात. तो त्याच्या लॅपटॉपवरची मूळ फाइल उघडून बघत असतो आणि तुमच्याकडे आलेली फाइल वेगळी असते. तिच्यात काय आहे हे त्याला दिसू शकत नाही. ते फक्त तुम्हीच सांगू शकता.

मी हे शिकलो ते आमच्या शाळेच्या स्मरणिकेच्या वेळी. बॅचमधल्या एका मित्राने फोटो आणि लेख गोळा करायला एक छोटा अपलोड फॉर्म बनवला होता. आमच्या निवृत्त सरांनी जुने 62 फोटो स्कॅन केले, त्यांची एक झिप फाइल केली आणि फॉर्मवर टाकली. मला सूचना आली, यादीत `photo_1987.zip` दिसली. मी ती न उघडताच सरांना ‘मिळाले सर’ असं कळवून अंगठा टाकून मोकळा झालो.

चार दिवसांनी उघडायला गेलो, तर विंडोज म्हणालं, `The Compressed (zipped) Folder is invalid`. सरांना ‘ओपन होत नाहीये’ कळवलं. त्यांनी मोबाइलच्या डेटावर आणखी दोनदा अपलोड केली, तरी फरक शून्य. वर ते म्हणाले, ‘अरे, मूळ फोटो ज्याचे त्याला परत दिले. लॅपटॉप नातवाला द्यायचाय, म्हणून रविवारी सगळं पुसून टाकणार होतो. तू मिळाले म्हणालास ना?’

तेव्हा कुठे मी शांतपणे बसून बघितलं की माझ्याकडे आलंय तरी काय.

सगळ्यात आधी बघायचा तो आकार, आणि तोही बाइटमध्ये. विंडोजवर फाइलवर राइट क्लिक करून `Properties` उघडा. तिथे `Size` समोर कंसात पूर्ण आकडा असतो. त्याच्या खालचा `Size on disk` सोडून द्या, तो डिस्कवर अडलेल्या जागेचा आकडा आहे. मॅकवर हाच आकडा `Get Info` मध्ये दिसतो. एमबीवर समाधान मानू नका, कारण एमबी मोजायच्या दोन पद्धती आहेत. विंडोज एक एमबी म्हणजे 10,48,576 बाइट धरतं आणि मॅक 10,00,000. त्यामुळे एकच फाइल मॅकवर 12.4 एमबी आणि विंडोजवर 11.8 एमबी दिसते. ‘माझी तर जास्त होती, काहीतरी गळालं’ असा वाद निव्वळ यावरून होतो. बाइटचा आकडा मात्र दोन्हीकडे सारखाच असायला हवा, शेवटच्या अंकापर्यंत.

माझ्याकडच्या फाइलचा आकडा होता 83,88,608. सरांना फोन करून त्यांचा वाचायला सांगितला. तो निघाला 4,29,17,305. म्हणजे आमच्याकडे जेमतेम पाचवा हिस्सा पोहोचला होता.

पण लगेच ‘सर, तुमची फाइल अर्धवट आली’ म्हणायची घाई नको. फाइल दोन प्रवास करते. पाठवणाऱ्याकडून सर्व्हरवर आणि सर्व्हरवरून तुमच्याकडे. तुटली असेल तर ती तुमच्याच डाउनलोडमध्येही तुटलेली असू शकते. (नावाच्या शेवटी `.crdownload` किंवा `.part` दिसत असेल तर दोष तुमच्याकडेच आहे, डाउनलोड पुरतं झालेलंच नाही.) म्हणून फाइल दुसऱ्यांदा उतरवून घ्यायची, जमल्यास वेगळ्या नेटवरून. नेट मध्येच तुटल्यामुळे फाइल अपुरी आली असेल तर दर वेळी आकडा बहुधा वेगळा येतो. मी दोनदा उतरवली आणि दोन्ही वेळा 83,88,608 च आले. म्हणजे सर्व्हरवरच तेवढी फाइल होती.

या आकड्यातच पुढची खूण होती. 83,88,608 म्हणजे बरोबर 8 गुणिले 10,48,576, पूर्ण 8 एमबी, एक बाइट इकडे नाही की तिकडे नाही. रेंज गेल्यामुळे तुटलेली फाइल इतक्या गोल आकड्यावर सहसा थांबत नाही. असा आकडा दिसला की कुठल्यातरी सॉफ्टवेअरची मर्यादा किंवा फाइल तुकड्यांत पाठवण्याची पद्धत आडवी आली असावी असा अंदाज बांधता येतो. अशा वेळी ‘परत पाठवा’ म्हणण्याला काही अर्थ नसतो, कारण ती परत तिथेच अडणार.

आता प्रश्न असा, की पाचवा हिस्सा आलाय तर पाचवा हिस्सा उघडत का नाही?

याचं उत्तर फाइलच्या रचनेत आहे. झिप फाइलमधली अनुक्रमणिका, म्हणजे आत कोणत्या फाइली आहेत आणि त्या कुठून सुरू होतात याची यादी, सगळ्यात शेवटी असते. शेपूट तुटलं की यादी गेली, आणि यादी नसेल तर विंडोज फाइल उघडायलाच नकार देतं. पीडीएफचंही तसंच, तिचीही पानांचा पत्ता सांगणारी यादी साधारणपणे शेवटाकडे असते. मोबाइलवर काढलेल्या अनेक व्हिडिओंतही ती शेवटी असते. म्हणून 90 टक्के आलेला व्हिडिओसुद्धा कधीकधी एक सेकंदही चालत नाही. जेपीजी फोटोचं मात्र उलट आहे. साधा जेपीजी वरून खाली रांगेने साठवलेला असतो, त्यामुळे अपुरा आला तर वरचा भाग स्वच्छ दिसतो आणि खाली राखाडी पट्टा येतो.

मी ती झिप `7-Zip` मध्ये उघडली. हे सॉफ्टवेअर यादी नसली तरी सुरुवातीपासून जे हाती लागेल ते काढायचा प्रयत्न करतं. `Unexpected end of data` असा इशारा आला, पण 11 फोटो पूर्ण निघाले. बारावा निम्मा दिसत होता, खाली राखाडी. ही तोडफोड मूळ फाइलवर करू नका, तिची एक प्रत काढून त्या प्रतीवर करा. आलेली फाइल जशीच्या तशी राहिली पाहिजे, नाहीतर पुढे तुलना कशाशी करणार? आणि ‘फाइल रिपेअर’ करून देणाऱ्या अनोळखी वेबसाइटवर दुसऱ्याची कागदपत्रं चढवायची नाहीत, मग ती कितीही फुकट असो.

इतकं झाल्यावर मी सरांना जो मेसेज पाठवला तो असा होता:

‘सर, आधी मिळाले म्हणालो ते चुकलं, मी फाइल उघडून पाहिली नव्हती. photo_1987.zip ही फाइल आमच्याकडे 83,88,608 बाइट आली आहे, तुमच्याकडे ती 4,29,17,305 आहे. दोनदा उतरवून पाहिली, तेवढीच येते, म्हणजे अपलोड होतानाच तुटली आहे. तिच्यातले पहिले 11 फोटो पूर्ण मिळाले, बारावा (सहलीचा, बसजवळचा) फक्त वरचा अर्धा आहे. बाकीचे 50 आलेले नाहीत. तुमच्या फाइलमध्ये दोष दिसत नाही. कृपया लॅपटॉपवरून काहीही पुसू नका आणि त्याच फॉर्मवर परत टाकू नका. दुसरा मार्ग कळवतो.’

यात काय आलं आणि काय नाही ते मोजून सांगितलंय. फाइल कुठे तुटली ते सांगितलंय, आणि त्यांनी आता काय करायचं आणि काय करायचं नाही तेही. वयस्कर माणसाला हे शेवटचं फार लागतं, नाहीतर ‘माझंच काहीतरी चुकलं’ असं समजून ते दिवसभर खटपट करत बसतात.

फॉर्म बनवणाऱ्या मित्राला मी फक्त दोन आकडे पाठवले. त्याला तेवढं पुरलं. फॉर्म मोठी फाइल 8 एमबीच्या तुकड्यांत पाठवत होता. पहिला तुकडा साठवला जायचा, पुढचे जोडलेच जात नव्हते, तरीही पडद्यावर `Upload complete` यायचं. त्याने चाचणीला वापरलेल्या सगळ्या फाइली 8 एमबीपेक्षा लहान होत्या!

आता, दर वेळी आकार कमीच असेल असं नाही. फाइल अवघी काही केबी असेल आणि नाव मात्र `.pdf` असेल, तर ती नोटपॅडमध्ये उघडा. खऱ्या पीडीएफची सुरुवात `%PDF` ने होते. तिथे `<!DOCTYPE html>` दिसलं तर तुमच्या हाती कागद आलेलाच नाही, लॉगिनचं किंवा ‘परवानगी नाही’ असं सांगणारं वेबपान आलंय. तेव्हा ‘फाइल खराब आहे’ असं नका कळवू, ‘लिंक मला फाइल देत नाहीये, लॉगिनचं पान देतेय, परवानगी द्या’ असं कळवा. व्हॉट्सअॅपवर ‘फोटो’ म्हणून आलेल्या चित्राचा आकार मूळपेक्षा लहान असेल तर ते तुटलेलं नाही, अॅपने ते आवळलंय. डॉक्युमेंट म्हणून पाठवायला सांगा.

आणि एक खास आपल्याकडचा प्रकार. वर्डची फाइल पूर्ण आली, पानंही भरली, पण मराठीच्या जागी इंग्रजी अक्षरं आणि चिन्हांचा काला. ही फाइल तुटलेली नाही. लेख श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टमध्ये टाइप केलाय आणि तो फॉन्ट तुमच्याकडे नाही. मजकुरावर क्लिक केलं की वर फॉन्टच्या चौकटीत त्याचं नाव दिसतं. लेखकाला ते नाव कळवा, ‘14 पानं पूर्ण आली आहेत, पण फॉन्टमुळे वाचता येत नाहीत’ असं सांगा आणि सोबत पीडीएफ मागा. तिच्यात फॉन्ट बहुतेक वेळा आतच घातलेला असतो, निदान वाचता तरी येतं.

सरांनी पुढे फाइल पेनड्राइव्हवर घालून एका माजी विद्यार्थ्याच्या हाती पाठवली. त्याआधी त्यांच्या लॅपटॉपवर ही कमांड चालवायला सांगितली होती:

```
certutil -hashfile photo_1987.zip SHA256
```

यातून 64 अक्षर-अंकांची एक ओळ मिळते. फाइलमधला एक बाइट जरी बदलला तरी ती ओळ पार वेगळी येते. सरांनी फोनवर पहिली आठ अक्षरं आणि शेवटची आठ वाचून दाखवली, मी माझ्याकडची ताडून पाहिली. जुळली. झिप उघडली, 62 च्या 62 फोटो मोजले आणि मग सरांना सांगितलं, ‘सर, आता लॅपटॉप द्या नातवाला.’