पहिल्या बैठकीची चार पानं

नवं काम हाती घेताना पहिल्या बैठकीत जे सादरीकरण होतं, त्यातला निम्मा वेळ संस्थेचा इतिहास सांगण्यात जातो. खरं तर टीमला चारच गोष्टी हव्या असतात: काम कुठवर, कोणाचं, कधीपर्यंत आणि कसं.

समजा, तालुक्याच्या गावातल्या एका वाचनालयाला ५०० जुनी पुस्तकं स्कॅन करायची आहेत. टीममध्ये कार्यवाह, ग्रंथपाल, स्कॅनिंग करणारे दोघं आणि संगणकाचं बघणारी एक मुलगी. स्कॅनर एकच. मुदत तीन महिने.

व्याप्तीच्या पानावर दोन रकाने करावेत. डावीकडे काय करायचं: प्रत्येक पुस्तकाची एक पीडीएफ आणि लेखक, प्रकाशक, वर्ष यांची नोंद. उजवीकडे काय करायचं नाही: मजकुरात शब्द शोधण्याची सोय नाही, बांधणीची दुरुस्ती नाही. लेखकाच्या मृत्यूला ६० वर्षं झाली नसतील, तर स्वामित्वहक्कामुळे ते पुस्तक या यादीतच घ्यायचं नाही. उजवा रकाना रिकामा ठेवला, की दुसऱ्या महिन्यात कोणीतरी विचारतंच, “यात शब्द शोधता येत नाही का?” आणि काम वाढत जातं.

जबाबदारीच्या पानावर हुद्दे नकोत, निर्णय लिहावेत. पानं फाटायला आलेलं पुस्तक स्कॅनरवर ठेवायचं की नाही, हे कोण ठरवणार? ग्रंथपाल. त्या रजेवर असतील तर? कार्यवाह. एका निर्णयापुढे दोन नावं असली, की दोघंही एकमेकांची वाट बघत बसतात.

मग टप्पे. इथे हिशेब सगळ्यांसमोर मांडावा. सरासरी २०० पानं धरली तर ५०० पुस्तकांची एक लाख पानं होतात. दिवसाला ८०० पानं झाली तर १२५ दिवस लागतील. तीन महिन्यांत कामाचे दिवस मिळतात जेमतेम ७५. म्हणजे एक तर पुस्तकं ३०० करायची, किंवा दुसरा स्कॅनर आणायचा, किंवा मुदत वाढवायची. हा वाद पहिल्याच दिवशी झालेला बरा. त्यासाठीच तर बैठक असते. ‘४० टक्के काम पूर्ण’ हा टप्पा तपासता येत नाही. ‘२० पुस्तकं स्कॅन, नोंद आणि तपासणीसह तयार’ हा येतो, म्हणून पहिला टप्पा तोच असावा.

कामाच्या रीतींचं पान कोरं न्यावं आणि बैठकीतच भरावं, कारण आयते नियम कोणी आपले मानत नाही. ‘सहकार्याने वागू’ हे लिहून उपयोग नाही, ते मोडलं की नाही हेच कळत नाही. ‘काम अडलं तर त्याच दिवशी ग्रुपवर सांगायचं, ठरलेली गोष्ट वहीत लिहायची’ हे मोडलं तर लगेच दिसतं. वीस पुस्तकं झाली की प्रत्यक्ष वेग मोजावा. दिवसाला ८०० ऐवजी ६०० पानंच होत असतील, तर तिसऱ्या पानावरच्या तारखा त्याच दिवशी बदलाव्यात.