लाळ, खोकला आणि घशात घरघर: दात येतायत की बाळ आजारी आहे?

रायगडच्या किनाऱ्यावर, अलिबाग ते श्रीवर्धन, ऑगस्टमधली एक नेहमीची सकाळ. सात महिन्यांच्या बाळाचं लाळेरं तासाभरात ओलंचिंब होतंय. हाताला लागेल ते तोंडात जातंय. मधूनच ढास लागते आणि श्वास घेताना घशात घरघर वाजते. आजी हिरडीवरून बोट फिरवते आणि सांगते, 'काही नाही गं, दात येतायत.'

बहुतेक वेळा आजीचं बरोबर निघतं. पण याच वयात, याच दमट हवेत छातीचा संसर्गही होतो आणि त्याची सुरुवात साधारण अशीच दिसते. मग फरक ओळखायचा कसा?

दात येताना नेमकं काय होतं?

पहिला दात साधारण सहाव्या महिन्याच्या आसपास येतो, बहुधा खालचा पुढचा. कुणाचा चौथ्या महिन्यात येतो, तर कुणाचा वर्ष होत आलं तरी दिसत नाही. लाळ मात्र दाताची वाट बघत नाही. दोन-तीन महिन्यांपासूनच ती वाढते, कारण लाळ तयार करणाऱ्या ग्रंथी जोमाने कामाला लागतात आणि ती वेळेवर गिळण्याचं कसब बाळाला अजून आलेलं नसतं.

उताणं झोपल्यावर ही लाळ घशाच्या मागच्या बाजूला साचते. श्वासाची हवा तिच्यातून जाते तेव्हा घरघर ऐकू येते. पाठीवर हात ठेवला तर तिथेही ती जाणवते आणि 'कफ छातीत उतरला' असं वाटून घरचे घाबरतात. प्रत्यक्षात आवाज वरचा असतो, तो फक्त खालपर्यंत पोहोचतो.

खात्री करायला बाळाला उभं खांद्यावर घ्यावं. लाळेची घरघर बाळाने गिळल्यावर, खोकल्यावर किंवा उभं धरल्यावर थांबते, निदान बदलते. मधूनच येणारी एखादी ढासही याच लाळेची. (घरघर होते म्हणून झोपताना डोक्याखाली उशी देऊ नये. बाळाला पाठीवर, सपाट जागेवरच झोपवावं.)

दातांच्या नावावर काय खपवू नये?

अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकच्या डॉक्टरांनी सव्वाशे बाळांच्या पालकांना रोजची नोंद ठेवायला लावली होती. 2000 साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. दात बाहेर येण्याआधीचे चार दिवस, तो दिवस आणि नंतरचे तीन दिवस एवढ्याच काळात लाळ, चावणं, चिडचिड, हिरडी चोळणं वाढलं. अंग किंचित कोमट झालं. पण खोकला, चोंदलेलं नाक, जुलाब आणि जोराचा ताप यांचा दाताशी संबंध दिसला नाही.

मग दात आणि आजार एकत्र का येतात? आईकडून मिळालेली प्रतिकारशक्ती सहाव्या महिन्याच्या सुमारास ओसरत जाते. त्याच वेळी बाळ रांगू लागतं, चार जणांच्या कडेवर फिरतं आणि सगळं तोंडात घालतं. दात आणि विषाणू एकाच वेळी येतात, एकामुळे दुसरा येत नाही.

म्हणून थर्मामीटरने 100.4 फॅरनहाइट किंवा त्याहून जास्त ताप दाखवला, तर कारण दाताबाहेर शोधायचं. बाळ तीन महिन्यांच्या आतलं असेल तर एवढ्या तापावर त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

घड्याळ लावून मोजा

आवाज फसवतो, श्वासांची संख्या सहसा फसवत नाही. हे महाराष्ट्राने फार पूर्वी दाखवून दिलं आहे. गडचिरोलीत डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने 1980च्या दशकाच्या अखेरीस गावातल्या दाईंनाही बाळाचे श्वास मोजून न्यूमोनिया ओळखायला शिकवलं. ज्यांना आकडे मोजता येत नव्हते त्यांच्यासाठी एक मिनिटाचं वाळूचं घड्याळ आणि मणी असलेलं साधं उपकरण बनवलं. तिथल्या न्यूमोनियाच्या बालमृत्यूंमध्ये मोठी घट झाली. आता मोबाइलवरचं घड्याळ पुरतं.

बाळ शांत असताना मोजा, झोपेत असेल तर उत्तम. रडताना किंवा दूध पिताना मोजू नका. झबलं वर करा आणि पोटाकडे बघा. पोट वर आलं, खाली गेलं, की एक श्वास. पूर्ण साठ सेकंद मोजायचं. पंधरा सेकंद मोजून चारने गुणू नका, कारण लहान बाळाचा श्वास कधी भरभर, कधी सावकाश चालतो.

दोन महिने ते एक वर्षापर्यंत मिनिटाला 50 किंवा जास्त श्वास म्हणजे जलद. दोन महिन्यांच्या आत हा आकडा 60, एक ते पाच वर्षांत 40. मर्यादेच्या आसपास आला तर पुन्हा एकदा मोजा.

तेच बाळ, दोन दिवसांनी

समजा, सुरुवातीच्या बाळाचं सोमवारी तापमान 99 होतं, श्वास 38. खालच्या हिरडीवर पांढरी रेघ दिसत होती, दूध नेहमीसारखं पीत होतं, खेळत होतं. हे घरीच बघण्यासारखं. स्वच्छ, गार ओल्या फडक्याने हिरडी चोळावी, हनुवटी कोरडी ठेवावी.

बुधवारी नाक वाहू लागलं, ताप 101. दोन-चार घोट ओढून बाळ दूध सोडतंय, कारण श्वास घेऊ की गिळू अशी त्याची ओढाताण होते. श्वास 58. श्वास आत घेताना बरगड्यांच्या खाली खळगा पडतोय आणि बाहेर सोडताना बारीक शिटी वाजतेय. उभं धरूनही ती थांबत नाही. हिरडीवरची पांढरी रेघ अजून तशीच आहे, पण आता तिच्याकडे बघायचं नाही. या वयात बारीक श्वासनलिकांना सूज आणणारा विषाणूसंसर्ग असाच सर्दीने सुरू होतो आणि तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक जोर धरतो. म्हणून 'कालपर्यंत तर बरं होतं' या वाक्यावर विसंबू नये.

खळगा दिसला की सकाळची वाट बघायची नाही. ओठ निळसर पडले, बाळ कण्हू लागलं, मलूल होऊन उठेना किंवा दूधच घेईना, तर 108 ला फोन करावा. आडगावातून अलिबागच्या जिल्हा रुग्णालयापर्यंत, त्यातही पावसात, जायला लागणारा वेळ धरूनच निर्णय घ्यावा.

तोपर्यंत काय देऊ नये?

खोकल्याचं औषध दोन वर्षांखालच्या मुलाला नको. मध्य प्रदेशात छिंदवाड्यात भेसळीच्या सिरपने मुलं दगावल्यानंतर ऑक्टोबर 2025 मध्ये केंद्राच्या आरोग्य महासंचालनालयानेही हेच सांगितलं. त्यातल्या काही मुलांवर नागपुरात उपचार झाले होते.

वर्षाच्या आत मध नको, गुटी उगाळून त्यात बोटभरसुद्धा नको. त्यातल्या जिवाणूच्या बीजाणूंमुळे बाळाचे स्नायू लुळे पडू शकतात. नाकात तेल सोडण्याची पद्धत तर या घरघरीत सर्वांत घातक, कारण ते तेल थेट फुप्फुसात उतरू शकतं. नाक चोंदलं असेल तर औषधाच्या दुकानात मिळणारे मिठाच्या पाण्याचे साधे थेंब दूध पाजण्याआधी घालावेत. हिरडी बधिर करणारी जेलही टाळावीत. पॅरासिटामॉल देताना बाटलीवर बघा: थेंबांचं औषध सिरपपेक्षा कितीतरी तीव्र असतं. मात्रा वजनावर ठरते, शेजारच्या बाळाला दिलेल्या चमच्यावर नाही.