व्यासपीठावर पोलीस अधिकारी : परिचय कसा करून द्यावा

महाविद्यालयातल्या रस्ता सुरक्षेच्या कार्यक्रमात पाहुण्यांचा परिचय स्वागतानंतर आणि मार्गदर्शनापूर्वी होतो. बहुतेक ठिकाणी हे काम राष्ट्रीय सेवा योजनेच्या एखाद्या विद्यार्थ्याकडे येते. समोर सतरा-अठरा वर्षांची मुले असतात. त्यांतल्या अनेकांची पोलिसांशी झालेली एकमेव भेट चौकात, शिट्टी ऐकून गाडी बाजूला घेताना झालेली असते. त्या भेटीतला अवघडलेपणा सैल करणे आणि तरीही वर्दीचा मान राखणे, या दोन्ही गोष्टी परिचयाला साधाव्या लागतात. त्याला दोन मिनिटे पुरतात. म्हणजे साधारण दोनशे शब्द.

पहिली चूक होते ती पदात. खांद्यावरचे तारे मोजून पद ठरवणे महाराष्ट्रात फसवे ठरते, कारण सहायक पोलीस निरीक्षक आणि पोलीस निरीक्षक या दोघांच्याही खांद्यावर तीन तारे असतात. फरक खालच्या फितीत असतो. दुसरा गोंधळ खात्याचा. वाहन परवाना देणारे मोटार वाहन निरीक्षक परिवहन विभागाचे, म्हणजे आरटीओचे अधिकारी असतात. ते पोलीस नव्हेत, पण खाकी वर्दीमुळे त्यांची पोलिसांशी सर्रास गल्लत होते. पोलिसांतही शहराची वाहतूक शाखा वेगळी आणि महामार्ग पोलीस वेगळे. म्हणून पूर्ण नाव, पद, शाखा आणि नावाचा उच्चार आदल्या दिवशी त्यांच्या कार्यालयात फोन करून विचारून घ्यावा. ‘पीआय साहेब’ हे बोलण्यात चालते. व्यासपीठावरून ‘पोलीस निरीक्षक’ असेच म्हणावे.

त्याच फोनवर एक प्रश्न आवर्जून विचारावा : रस्त्यावरच्या कोणत्या कामाबद्दल मुलांना सांगितलेले चालेल? खरा परिचय या उत्तरातून तयार होतो. पदके, प्रशिक्षण, बदल्यांची गावे ही माहिती खरी असली तरी सलग वाचली की सभागृह मोबाइलकडे वळते. ‘कर्तव्यदक्ष’, ‘धडाडीचे’ ही विशेषणे तर प्रत्येक अधिकाऱ्याला लागलेली असतात, त्यामुळे त्यांतून कोणाचीच ओळख होत नाही. एका कामाचे साधे वर्णन मात्र लक्षात राहते. पूर्वी महामार्ग पोलिसांत असलेल्या आणि आता शहर वाहतूक शाखा सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याचा परिचय असा होऊ शकतो :

“सकाळी साडेनऊला आपल्या फाटकासमोरच्या चौकात काय होतं, ते आपण रोज पाहतो. तो चौक मोकळा ठेवणाऱ्या शाखेचे प्रमुख आज आपल्यात आहेत. त्याआधी चार वर्षं ते महामार्गावर होते. अपघाताचा फोन आला की जागेवर पोहोचायचं, आधी जखमींना दवाखान्यात पाठवायचं, मग पंचनामा करायचा, हे काम त्यांनी रात्री-अपरात्री केलंय. हेल्मेट, लायसन्स, चलन, तुमच्या मनात जे असेल ते विचारा, असं त्यांनी आम्हाला स्वतः सांगितलंय. शहर वाहतूक शाखेचे पोलीस निरीक्षक...” आणि इथे पूर्ण नाव.

नाव शेवटी आल्यामुळे टाळ्या योग्य जागी पडतात. प्रश्न विचारण्याचे आमंत्रण अधिकाऱ्याच्या संमतीने दिलेले असल्याने ते वरवरचे राहत नाही. दंडाची रक्कम किंवा कलमे परिचयात घेतलेली नाहीत. तो पाहुण्यांच्या भाषणाचा विषय आहे. एखादा विशिष्ट अपघातही घेतलेला नाही. जवळपास घडलेल्या अपघातात गेलेल्याचे भाऊ-बहीण किंवा मित्र श्रोत्यांत असू शकतात आणि प्रकरण न्यायालयात सुरू असू शकते.

मोकळेपणा आणण्यासाठी बरेच जण विनोदाचा आधार घेतात आणि तिथेच घसरतात. ‘मामा’ हा शब्द, चिरीमिरीची कोपरखळी, सिनेमातल्या इन्स्पेक्टरशी तुलना, यांवर हशा येतो, पण पाहुण्यांना कसनुसे हसावे लागते. महिला अधिकाऱ्याबाबत ‘महिला असूनही’ हे शब्द टाळलेच पाहिजेत; पद तेच असते आणि कामही तेच. आपुलकी ‘तुमच्या-आमच्या चौकात’ अशा जवळच्या तपशिलातून येते. अधिकाऱ्याचा खासगी मोबाइल नंबर मात्र व्यासपीठावरून सांगू नये. मदतीसाठी 112 हा क्रमांक सर्वांसाठी आहे, तोच द्यावा.

पोलिसांचा दिवस बंदोबस्तावर चालतो. ऐन वेळी निरोप येतो आणि निरीक्षकांऐवजी उपनिरीक्षक किंवा सहायक निरीक्षक येतात. अशा वेळी ‘साहेब येऊ शकले नाहीत, म्हणून’ अशी सुरुवात केली की आलेला पाहुणा दुय्यम ठरतो. त्यासाठी परिचयाच्या कागदावर चौकाचा आणि शाखेच्या कामाचा भाग वेगळा व व्यक्तीचा भाग वेगळा लिहून ठेवावा. पाहुणे चहा घेत असताना नव्या अधिकाऱ्यांना नाव, पद आणि एका कामाबद्दल विचारले, की पाच मिनिटांत दुसरा भाग बदलता येतो.