सळसळीतून काढलेली ओवी

माझ्या भाचीने मे महिन्याच्या सुट्टीत आमच्या घरातल्या अकरा कॅसेटी कॉम्प्युटरवर उतरवल्या. दहांमध्ये रेडिओवरून भरलेली भजनं, एका लग्नातला बँड, असंच काहीबाही निघालं. अकराव्या कॅसेटच्या दुसऱ्या बाजूला, एका भजनाच्या ऐन मध्यात, तीन मिनिटं चाळीस सेकंद माझी आई आहे, जात्यावर बसून ओव्या म्हणणारी. १९८७ साली मीच वडिलांच्या भजनावर ते भरलं होतं, आणि त्याबद्दल बोलणीही खाल्ली होती. आईच्या गाण्याचं तेवढंच शिल्लक आहे. हेमा राईरकर आणि गी पॉइटव्हँ यांनी महाराष्ट्रातल्या खेड्यांतून लाखाहून जास्त ओव्या जमवल्या, पण आमच्या दारापर्यंत कुणी आलं नव्हतं.

कॅसेट उतरवताना घाई चालत नाही. तासाची टेप तासभरच वाजवावी लागते, म्हणजे अकरा कॅसेटींचे अकरा तास. त्यात आमच्या कॅसेटची सुरुवातच वाईट झाली. आत टेपच्या मागे नमद्याचा एक छोटा तुकडा असतो, तो टेपला हेडवर दाबून धरतो. त्याचा गोंद वाळून तुकडा निखळला होता, त्यामुळे आवाज येत-जात होता. ही कॅसेट स्क्रूची नव्हती, चिकटवलेली होती. भाचीने ब्लेडने कडा उघडली आणि दोन्ही रिळं अलगद उचलून स्क्रूच्या एका रिकाम्या कॅसेटमध्ये बसवली. यात तिची एक दुपार गेली.

तरीही आई गोधडीखालून गात असल्यासारखी ऐकू येत होती. भाची म्हणाली, "मामा, हे नंतर सॉफ्टवेअरने उजळू." मी नको म्हटलं. ज्या टेपरेकॉर्डरवर मी भरलं, त्याचं हेड कणभर तिरकं असणार. आज वाजवणाऱ्या यंत्राचं हेड त्याच तिरकेपणात बसलं नाही, तर सगळ्यात आधी बारीक आवाज जातात: ‘स’, ‘श’, बांगड्या. हेडने जे उचललंच नाही, ते पुढे कोणतंही सॉफ्टवेअर परत आणू शकत नाही. हेडच्या शेजारी स्प्रिंग लावलेला एक बारका स्क्रू असतो. टेप चालू ठेवून, चुंबकत्व नसलेल्या स्क्रूड्रायव्हरने तो अगदी थोडा-थोडा फिरवायचा आणि कान देऊन ऐकायचं. पाव फेऱ्याच्या आतच गोधडी बाजूला झाली आणि बांगड्या वाजल्या. बांगड्यांबरोबर सळसळही वाढली. ती वाढली म्हणजे हेड नीट बसलं, हे भाचीला पटवायला मला जरा वेळ लागला.

ही सळसळ म्हणजे धूळ किंवा बिघाड नव्हे. टेपवर लोखंडाच्या ऑक्साइडची पूड लेपलेली असते आणि तिचा प्रत्येक कण हा एक इवलासा चुंबक असतो. कोऱ्या टेपवरही हे कण वाटेल तसे पडलेले असतात, आणि हेडला तो सगळा गोंधळ ‘शूं’ असा ऐकू येतो. गाण्याच्या वाट्याला कण जितके जास्त, तितका हा गोंधळ मागे पडतो. स्टुडिओतली मोठी टेप सेकंदाला अडतीस सेंटिमीटर धावायची, कॅसेटची जेमतेम पावणेपाच. तिची रुंदी चार मिलिमीटरहूनही कमी, आणि तीही दोन बाजूंत वाटलेली. फिलिप्सने १९६३ साली कॅसेट आणली तेव्हा ती मुख्यतः बोललेलं टिपून घेण्यासाठी होती. गाणी तिच्यावर नंतर येऊन बसली.

भाचीने मोनो, ४८००० हर्ट्झ, २४ बिटमध्ये फाइल केली. आवाजाची सर्वात उंच टोकं -६ डेसिबलच्या आसपास राहतील असं बघितलं, कारण टोक एकदा शून्यावर आपटून कापलं गेलं की ते गेलंच. अर्ध्या तासाच्या बाजूला साधारण २६० एमबी जागा लागली. त्या फाइलला पुन्हा हात लावायचा नाही, काय करायचं ते तिच्या प्रतीवर, एवढी एक अट मी घातली.

मग खरी कटकट सुरू झाली. Audacity मध्ये सळसळ कमी करायची रीत वरवर सोपी आहे. जिथे नुसती सळसळच आहे असा तुकडा निवडायचा, Noise Reduction मध्ये Get Noise Profile दाबायचं, आणि मग पूर्ण गाण्यातून त्या जातीचा आवाज तेवढ्या डेसिबलने खाली आणायचा. भाचीने गाणं संपल्यानंतरचे चार सेकंद नमुना म्हणून घेतले आणि २४ डेसिबल कमी केले. सळसळ गेली खरी, पण आई विहिरीच्या तळातून बोलू लागली, मध्येच काचा किणकिणल्यासारखे आवाज येऊ लागले, आणि जातं गायबच झालं. जात्याची घरघर म्हणजेसुद्धा यंत्राच्या लेखी एक सततची सळसळच! ती गेल्यावर ओवीचा ठेका गेला. दम घेण्यासाठी आई थांबते तिथे आता नुसतंच भोक पडलं होतं.

चूक नमुन्यात होती. तेव्हाचे घरगुती टेपरेकॉर्डर आवाजाची पातळी आपापली ठरवायचे. जातं जोरात फिरतंय म्हटल्यावर यंत्राने माइकचा आवाज दाबला. जातं थांबताच पुढच्या काही सेकंदांत त्याने तो चढवत नेला, आणि त्याबरोबर खोली आणि यंत्राची स्वतःची कुरकूरही चढली. म्हणजे गाण्यानंतरची सळसळ गाण्याखालच्या सळसळीपेक्षा बरीच जाड होती, आणि त्या मापाने कापल्यावर गाणं कापलं जाणारच.

मग ती पुन्हा ऐकायला बसली. दुसऱ्या मिनिटाला आई वैरण घालायला क्षणभर खुंटा सोडते. तिथे पाऊण सेकंद ना जातं, ना गळा, आणि यंत्रालाही अजून आवाज चढवायला फुरसत मिळालेली नाही. तिने त्यातला अर्धा सेकंद नमुना म्हणून उचलला आणि या वेळी फक्त आठ डेसिबल मागितले.

बरोबर झालं की नाही हे कसं कळायचं? त्याच खिडकीत Residue नावाचा पर्याय आहे. तो निवडला की उरलेलं गाणं ऐकू येत नाही, काढून टाकलेलंच ऐकू येतं. भाचीने हेडफोन लावला आणि मान हलवली. टाकाऊ आवाजात अजून बांगड्या होत्या, मधूनच एखादा ‘स’ होता. तिने सहावर आणलं. पुन्हा ऐकलं. आता तिथे नुसती शूं होती, एकसारखी. गाण्यात थोडी सळसळ राहिलीच, दूर कुठेतरी पाऊस पडत असल्यासारखी, पण आईचा श्वास ऐकू येतो आणि जातं फिरतं आहे.

शेवटी कापायचं कुठे, यावर आमचं जरासं भांडण झालं. सुरुवातीला तिने गळा लागण्याआधीचे जात्याचे दोन फेरे ठेवले, ते मला पटलं. गाणं संपल्यावर मात्र जातं थांबतं, मागची सळसळ हळूहळू वर चढते, आणि आई म्हणते, "आलं का रं त्यात?" त्यावर मी काहीतरी बोलायला तोंड उघडतो, एक अक्षर उमटतं, आणि बटणाचा खटका पडतो. माझं म्हणणं, हे काढून टाक, फेड करून गाणं छान संपव. भाचीने फेड केला नाही. खटक्यानंतर अर्धा सेकंद सोडला आणि तिथे कापलं.