कोपरावरच्या सुरकुत्या

1977 साली लंडनमध्ये मळकट चिंध्यांचा एक गठ्ठा साफ करताना त्यातून एक अंगरखा निघाला. इजिप्तमधल्या तारखान इथल्या उत्खननातून आलेला, लिननचा. कार्बन चाचणीत त्याचं वय 5,000 वर्षांहून अधिक ठरलं. शिवणाऱ्याने बाह्यांवर घातलेल्या बारीक चुण्या अजून दिसतात, आणि कोपरांशी व काखेत पडलेल्या सुरकुत्याही. कुणीतरी तो घालून वावरलं होतं.

इतकं टिकणारं कापड इतक्या सहज चुरगळतं, ही दोन्ही लक्षणं एकाच मुळातून येतात.

लिनन निघतं जवसाच्या खोडातून. विदर्भात तेलासाठी आणि चटणीसाठी पेरतात तेच हे झाड. फक्त धाग्याचे वाण उंच आणि कमी फांद्यांचे असतात. त्यांच्या सालीतल्या तंतूंमध्ये सेल्युलोजच्या साखळ्या जवळजवळ सरळ आणि घट्ट रचलेल्या असतात. म्हणून तंतू मजबूत, आणि ओला झाल्यावर आणखी मजबूत. पण ही रचना ताण सोसत नाही. लोकर तुटण्याआधी 30 टक्क्यांच्या आसपास ताणली जाते. लिनन जेमतेम 2-3 टक्के. कोपर वाकलं की साखळ्यांना जोडणारे हायड्रोजन बंध सुटतात आणि वाकलेल्याच जागी पुन्हा जुळतात. पुन्हा सरळ व्हायला लागणारी लवचीकता तंतूत नसते. घामाचा ओलावा या कामाला मदतच करतो. कोरड्या लिननवर इस्त्री कितीही दाबली तरी रेघ राहते, आणि किंचित दमट कापड मात्र चटकन सपाट होतं, ते याच बंधांमुळे: ओलावा ते सोडवतो, उष्णता नव्या जागी बसवते.

मग धुण्याने मऊपणा कुठून येतो? जवसाचा एक सुटा तंतू साधारण 3 सेंटिमीटरचा. सुतात दिसतो तो लांब पट्टा म्हणजे असे अनेक तंतू पेक्टिनने चिकटलेली जुडी. जॅम घट्ट होतो तो याच पेक्टिनमुळे. पहिल्या काही धुण्यांत कापडाची खळ जाते. पुढे पाणी, साबण आणि घुसळण थोडं थोडं पेक्टिन सोडवत राहतात. जुड्या सुट्या होतात, जाड काडीऐवजी बारीक तंतूंचा झुबका वाकतो, आणि हाताला तोच मऊ लागतो. सुटतं ते प्रामुख्याने तंतूंना जोडणारं खळीसारखं द्रव्य. तंतूंचं बळ बरंचसं शाबूत राहतं. म्हणूनच नव्या लिननच्या शर्टाचा खरखरीतपणा पाहून तो नापसंत करणं घाईचं ठरतं.

लिननचा खरा शत्रू एकाच जागी पडणारी घडी. कॉलरची कड आणि बाहीचा कफ आधी विरतात, कारण तिथले तंतू रोज त्याच रेषेत मोडतात. सुरकुत्या टाळण्यासाठी कापडावर रेझिनची प्रक्रिया करतात. तिने चुरगळणं कमी होतं, पण त्याबरोबर मजबुतीही घटते. घरी त्याहून सोपा उपाय आहे: लिननची चादर दरवेळी वेगळ्या रेषेवर घडी करून ठेवायची.